नाचणगावचं नाक

नागसेनबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधीच कबूल करतो. तो माणूस चांगला आहे आणि तो चांगला आहे म्हणून माझ्या पोटात दुखतं. वाईट असता तर मी केव्हाच त्याला विसरून गेलो असतो.

मी सेलूचा, तो नाचणगावचा. दोघेही वर्धा जिल्ह्याचे, म्हणजे जिथं दारूबंदी आहे तिथले, आणि दोघेही पुण्यात बिअर विकतो. गावात कोणी विचारलं तर हॉटेलात आहोत म्हणून सांगतो. बाणेरच्या एका गल्लीत अपेक्षा मॅडमची छोटी ब्रुअरी आहे. मागे काचेआड पाच टाक्या, पुढे काउंटर, काउंटरवर आठ नळ. त्यातल्या चार नळांना कायम आयपीए, म्हणजे भरपूर हॉप घातलेली कडवट बिअर असते, कारण मॅडमचा जीव हॉपवर. हॉप म्हणजे एका वेलाची हिरवी फुलं. परदेशातून वाळवून, दळून, गोळ्या करून येतात, कोंबडीच्या खाद्यासारख्या दिसतात. उकळताना सुरुवातीला टाकल्या तर बिअर कडू होते. उकळी संपता संपता किंवा बिअर आंबून झाल्यावर गार टाकीत टाकल्या तर वास देतात. आणि वास प्रत्येक जातीचा वेगळा. सिट्राला लिंबू, लिची, आंबा. चिनूकला पाइनचा डिंक. कॅस्केडला फुलं आणि ग्रेपफ्रूटची साल. मोझेकला पिकलेल्या फळांची पाटी.

हे सगळं मला पाठ होतं. सहा वर्षं मी त्या काउंटरवर उभा राहून, वहीत उतरवून पाठ केलं होतं. ग्रेपफ्रूट मी पुण्यात आल्यावर पाहिलं, लिची तर त्याच्याही नंतर खाल्ली, पण गिऱ्हाइकासमोर असा बोलायचो की जणू आमच्या सेलूच्या शेतात धुऱ्यावर लिचीच लावलेली. प्रत्यक्षात आमच्याकडे केळी. माझे बाबा, पुंडलिकराव, यांची केळी पिकवायची खोली आहे, घराला लागूनच. मी त्याच खोलीच्या भिंतीला टेकून अभ्यास केला, झोपलो, वाढलो.

नागसेनला पुण्यात मीच आणलं. चार वर्षांपूर्वी पुलगावच्या स्टेशनवर भेटला, काम शोधत होता, म्हटलं चल. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. त्याला ग्लास धुवायच्या कामावर लावलं. पहिल्याच दिवशी तो मॅडमला म्हणाला, "म्याडम, मी घेत नाई. घरी पंचशील हाय, मायले शब्द देल्ला. वास घेईन, जिभेवर ठेवीन, थुकून टाकीन. चालन का?"

मॅडम हसल्या. मीही हसलो. न पिणारा माणूस बिअरच्या दुकानात, म्हणजे पोहता न येणाऱ्याला नावेवर ठेवण्यासारखं. पण मी हसलो ते एकदाच.

नागसेन ग्लास धुवायच्या आधी प्रत्येक ग्लास नाकाशी धरायचा. रिकामा. तळाशी उरलेला फेस हुंगायचा आणि कोणत्या नळाची बिअर होती ते सांगायचा. आधी मला गंमत वाटली. मग मी मुद्दाम दोन बिअरी मिसळून त्याच्याकडे ग्लास पाठवला. तो आतून ओरडला, "रजतभाऊ, यात चिनूक अन् सिट्रा दोन्ही हायेत, कोणी मिसळवलं बे?" त्या दिवसापासून मला त्याच्यात धोक्याचा वास येऊ लागला, असं म्हणा.

पण खरी ठिणगी पडली ती एका रविवारी. एक निवृत्त इंजिनिअर काका आले. मी त्यांना सिट्राची आयपीए दिली, लिची-आंबा सगळं ऐकवून. त्यांनी घोटभर घेतली आणि सरकवली. मग कॅस्केड दिली, तीही सरकवली. तिसरी तर त्यांनी नाकाजवळही नेली नाही. म्हणाले, "तुम्ही जे सांगता ते मला ह्यात काही येत नाही बुवा."

नागसेन धुतलेले ग्लास ठेवायला बाहेर आला होता. तो म्हणाला, "काका, सुताराच्या दुकानात गेल्तात का कधी? ताजं लाकूड रंधल्यावर जो वास येते, तो आवडते?"

काका म्हणाले, "आवडतो म्हणजे काय, माझे आजोबा सुतारच."

नागसेननं चिनूकचा नळ सोडला, ग्लासवर तळहात ठेवून एकदा फिरवला, हात काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "पिऊ नका आधी. फेस बसाच्या आत वास घ्या. नंतर उडून जाते."

काकांनी वास घेतला आणि डोळे मिटले. मग त्यांनी तो ग्लास संपवला, दुसरा मागवला आणि जाताना मॅडमना विचारलं, "तो मुलगा रविवारी असतो ना?" तो मुलगा! तीस वर्षांचा आहे तो, आणि तीन ग्लास मी भरले होते. माझ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

मग ते तसंच सुरू झालं. लोक नळांवरचे बोर्ड वाचेनात, नागसेनला विचारू लागले. तो कधी ग्रेपफ्रूट म्हणायचा नाही. एखाद्या बाईला विचारायचा, "संत्र सोलताना डोळ्यात जे उडते, तो वास पायजे, की संत्र्याच्या झाडाले बहार येते तवाचा?" पहिला म्हटलं तर सिट्रा, दुसरा म्हटलं तर कॅस्केड. एखाद्याला म्हणायचा, "फळाचा वास पायजे पण गोड नाई पायजे, तर हे घ्या, वास फळाचा अन् चव कडूच. गोड समजून घ्याल तर मायावर चिडाल." आणि एखादी बिअर जुनी झाली असेल तर सरळ सांगायचा, "आज हे घेऊ नका. महिना झाला, हॉप निजला." मॅडमच्या समोर! आणि मॅडम त्याला रागवायच्या नाहीत. मला मात्र ती पाठांतराची वही उघडताना माझीच लाज वाटू लागली.

गेल्या सप्टेंबरात मॅडमनी दोघांना बोलावलं. म्हणाल्या, "मला हॉप निवडणारं माणूस हवंय. कोणती जात मागवायची, कोणत्या टाकीत किती, कोणती बिअर नळाला लागणार आणि कोणती नाही, हे माझ्याबरोबर ठरवणारं. तुमच्यातलाच एक घेणार आहे. दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी चार ग्लास ठेवीन. आणि जो निवडला जाईल त्याच्या पहिल्या आयपीएच्या बोर्डवर त्याचं नाव जाईल."

सहा वर्षं मी ह्याच वाक्याची वाट पाहत होतो. ते ऐकायला मिळालं तेव्हा बाजूला नागसेन उभा होता. मला ते वाक्य अर्धंच मिळालं असं वाटलं.

दसऱ्याला आम्ही दोघेही घरी आलो. तो दीक्षाभूमीला जाऊन आला, मी सेलूला शमी-सोनं करून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी गाडी काढून नाचणगावला गेलो. भेटायला, असं सांगितलं. खरं म्हणजे हेरगिरी करायला. तो काय अभ्यास करतो ते मला पाहायचं होतं.

त्याचे वडील श्रावणकाका सुतार. पुलगावच्या लष्करी डेपोच्या लिलावातून दारूगोळ्याच्या जुन्या पेट्या विकत घ्यायच्या, त्यांच्या पाइनच्या फळ्या रंधून खाटा, पाट, पोळपाट करायचे, हा त्यांचा धंदा. मी पोचलो तेव्हा पडवीत भुश्शाचा ढीग होता आणि तो वास, काय सांगू, चिनूकचा ग्लास कोणी नाकाखाली धरल्यासारखा. म्हणजे हा माणूस पंचवीस-सव्वीस वर्षं त्यात लोळला होता. मी पुण्यात वहीत 'पाइन, रेझिन' लिहून घेत होतो आणि हा त्याच्या पाळण्यापासून तो वास ओढत होता. ह्याला न्याय म्हणायचं?

पडवीत तो स्टीलच्या पाच वाट्या मांडून बसला होता. जिल्ह्यात बिअर आणता येत नाही, आणि त्यानं आणलीही नसती. पण हॉपच्या गोळ्यांवर बंदी कशी असणार? मॅडमनी दिलेल्या पाकिटांतल्या चिमूट-चिमूट गोळ्या त्यानं कोमट पाण्यात भिजवल्या होत्या. वाट्यांच्या तळाला खडूनं खुणा. त्याची आई, सरिताकाकू, वाट्या जागेवरून हलवायची आणि तो एक एक ओळखायचा.

"ये बावा, बस," काकू म्हणाल्या. "तूच आणलं न याले तिकडे. लय उपकार झाले तुये." मी वाट्यांसमोर बसलो.

त्यांनी एक वाटी उचलून हुंगली. "हे तर संत्र्याच्या आंब्या बहाराचंच फूल हाय. भावाच्या वावरात कारंज्याले फेब्रुवारीत असंच असते, नाई का रे?"

कॅस्केड होती ती. बाईनं आयुष्यात बिअरचा ग्लास पाहिला नव्हता. मी त्या वाटीकडे पाहिलं आणि माझी वही घरी ठेवून आलो ते बरं केलं असं वाटलं. एकट्या नागसेनशी मी लढलो असतो. इथं अख्खं घर नाक घेऊन बसलं होतं.

नागसेननं माझ्यापुढेही वाट्या सरकवल्या. त्याचं हेच मला सहन होत नाही, तो लपवत नाही. गोळी तळहातावर चुरडून, दोन्ही हात घासून, नाक खुपसून वास घ्यायची युक्ती त्यानंच मला दाखवली. मी चार बरोबर ओळखल्या. मग तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "भाऊ, राग नाई मानाचा. तुमी आले की केळीचा वास येते. शर्टाले, बॅगेले. पुण्यातबी येते, घरून आले की. तुमाले नाई येत का?"

"मी केळीवाल्याचा मुलगा आहे," मी म्हणालो, "अत्तरवाल्याचा नाही."

तो ओशाळला. मी चहा न संपवता उठलो आणि रस्ताभर स्वतःला सांगत राहिलो की ह्यानं मला खाली पाहायला लावण्यासाठी घरी बोलावलं. त्यानं बोलावलंच नव्हतं, मी आपणहून गेलो होतो, हे मला सेलू आल्यावर आठवलं.

सोमवारी सकाळी साडेनऊला दुकान रिकामं होतं. सकाळी नाक ताजं असतं म्हणून मॅडमनी तीच वेळ ठेवली होती. आम्ही दोघांनी चहासुद्धा घेतला नव्हता. काउंटरवर प्रत्येकापुढे चार ग्लास, एक ते चार आकडे, एक कागद, एक पेन्सिल. मॅडम म्हणाल्या, "कोणता हॉप आहे ते लिहा. आणि शुक्रवारी नळाला काय लावायचं तेही." आणि त्या आत ऑफिसात गेल्या.

पहिला सिट्रा. दुसरा चिनूक. तिसऱ्याला मी थांबलो, कॅस्केड की तिच्याच वळणाच्या वासाची सेंटेनियल? पडवीतली ती वाटी आठवली आणि मी कॅस्केड लिहिलं. चौथा ग्लास हातात घेतला आणि मला बरं वाटलं. पिकलेल्या फळांचा गोड, उबदार, भरलेला वास. मोझेक, शंकाच नाही, आणि असा मोझेक मी कधी हुंगला नव्हता. मी लिहिलं, 'मोझेक. ट्रॉपिकल. उत्तम. शुक्रवारी हीच लावा.'

नागसेन चौथ्या ग्लासशी अडला होता. त्यानं तो दोनदा ठेवला, तिसऱ्यांदा उचलला, जिभेवर घेतला, बेसिनमध्ये थुंकला. मग माझ्या बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, चौथ्याची घाई नका करू. फेस बसू द्या, वरचा हॉप उडू द्या, पुन्हा पाहा. मले ते हॉपचं नाई वाटून राह्यलं."

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. म्हणजे मला तसं वाटलं. हा मला गोंधळात टाकतोय! माझा कागद त्यानं पाहिला, मी बरोबर आहे हे त्याला कळलं, आता माझ्याकडून खोडून घेतोय. इतके दिवस मी ह्याचीच वाट पाहत होतो, हा कधीतरी चोर निघेल म्हणून. मी पेन्सिल उचलली आणि 'हीच लावा'खाली दोन रेघा मारल्या. त्याच्या देखत.

"बरं," तो म्हणाला आणि आपल्या कागदाकडे गेला.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. "रजत, चारही नावं बरोबर." मी पेन्सिल खाली ठेवली. "नागसेन, तिसरा कॅस्केड आहे, तू सेंटेनियल लिहिलंस." काय सांगू मला काय झालं! आईला जो वास ओळखता आला तो ह्याला आला नाही. मला नाचावंसं वाटलं.

मग त्यांनी त्याच्या कागदावरची शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. "'चौथा मोझेक असन, पण केळाच्या मागं दडला. केळ हॉपचं नाई, यीस्टचं हाय. टाकी गरम झाली असन. लावू नका.'"

मी म्हणालो, "केळं? कुठं केळं?"

मॅडमनी तो ग्लास माझ्या हातात दिला. मी हुंगला. पिकलेली फळं. उबदार, ओळखीचा वास. मी पुन्हा हुंगला. मग हळूहळू, म्हणजे एखादं ओळखीचं दार उघडावं तसं, माझ्या डोळ्यांपुढे आमची खोली आली. भिंत, घड, माझी सतरंजी. तो वास मला केळ्याचा म्हणून कधी आलाच नव्हता. मला तो घराचा वास होता, म्हणून तो चांगला होता.

"बिअर आंबायला घातली त्या पहिल्याच दिवशी टाकीचं कूलिंग बंद पडलं होतं," मॅडम म्हणाल्या. "अठरा अंशांवर राहायला हवी ती सव्वीसला गेली. आपलं हे यीस्ट तापलं की केळं सोडतं. गव्हाच्या बिअरला ते शोभतं, आयपीएत नाही. त्यात मी मोझेक ओतला तरी झाकलं गेलं नाही. ही टाकी नाल्यात जाणार आहे." मग म्हणाल्या, "रजत, नावं तुझी बरोबर आहेत. पण मला नावं सांगणारा नकोय. नको म्हणणारा हवाय."

चारपैकी चार मिळवून हरणारा मी एकटाच असेन. आणि वर हेही खरं होतं की मला वेळेवर सांगणारा तोच होता. त्यानं सांगितलं नसतं तर मला त्याचा तिरस्कार करायला सोपं गेलं असतं.

नोव्हेंबरच्या शेवटी नागसेनची पहिली आयपीए आली. चिनूक आणि कॅस्केड. वास आधी संत्र्याच्या बहाराचा, मागून ताज्या फळीचा. मी ती प्यालो. चांगली होती. मी शोधून शोधून खोट काढायला बसलो होतो आणि दुसरा ग्लासही संपला. बोर्ड खडूनं मीच लिहितो, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. 'निवड : नागसेन' असं लिहायचं होतं. मी बाकी सगळं लिहिलं आणि ती ओळ सावकाश लिहू म्हणून ठेवली. मॅडम बाहेरगावी होत्या. नागसेननं बोर्ड वाचला आणि खाली पडलेला खडू उचलून जागेवर ठेवला.

संध्याकाळी एक जोडपं आलं. दोघं आयपीएचे शौकीन होते, चार शहरांतल्या ब्रुअऱ्या हिंडलेले. मी ग्लास भरला, तळहातानं झाकला, फिरवला. म्हणालो, "पिऊ नका आधी, फेस बसायच्या आत वास घ्या. पहिल्यांदा संत्र्याच्या झाडाला बहार येतो तेव्हाचा येईल. मग सुताराच्या दुकानातला." माझ्या तोंडून त्याची वाक्यं अशी सरसर निघाली की माझं मलाच नवल वाटलं.

बाईंनी वास घेतला आणि नवऱ्याच्या हातात ग्लास दिला. तो कितीतरी वेळ हुंगत राहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "हे कॉम्बिनेशन कोणी निवडलं? तुम्ही?"

आणि मी म्हणालो, "हो."

म्हणताना मला माहीत होतं की नागसेन माझ्या मागे उभा आहे. ग्लासांचा ट्रे घेऊन तो आत्ताच बाहेर आला होता. आता तो बोलेल, आता माझी चोरी उघडी पडेल, आणि खरं सांगू, मला तेच हवं होतं. एकदा त्यानं मला सगळ्यांसमोर खोटं पाडलं असतं तर आमचा हिशोब मिटला असता.

"हो साहेब," नागसेन मागून म्हणाला. "यायनंच निवडलं. सहा वर्षं झाली यायले इथं."

त्या माणसानं काउंटरवरून हात पुढे केला. मी तो धरला, त्यानं जोरात दाबला, बाईंनी माझं नाव विचारलं आणि मी सांगितलं. नागसेन ट्रे ठेवून आत टाक्यांकडे गेला होता. ज्या नावासाठी मी सहा वर्षं झुरलो ते मी मागितलं असतं तर नागसेननं मला सहज दिलं असतं, हे मला तेव्हा कळलं. आणि मला त्याचाही राग आला.